सावत्र मुलाचा हक्क : रेशनकार्डावरचं नाव पुरत नाही

"रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर सावत्र वडिलांचंच नाव आहे, मग हिस्सा मिळेलच ना?"

हिंदू वारसा कायद्यात तेवढ्याने मिळत नाही. विधिवत दत्तक घेतलेलं मूल सख्ख्यासारखं वारस ठरतं, सावत्र मूल नाही. आमच्या सोलापुरातल्या शेजाऱ्यांचंच बघा. घर स्वकष्टाचं, मृत्युपत्र नाही. ते गेल्यावर घर निम्मं बायकोला, निम्मं दोघांच्या मुलीला. बायकोच्या आधीच्या लग्नाच्या मुलाला, ज्याने शेवटपर्यंत त्यांचं सगळं केलं, त्यांच्याकडून काहीच नाही. आईने मृत्युपत्र केलं नाही, तर तिच्या निम्म्यात मात्र तो बहिणीच्या बरोबरीने येईल.

दोन साक्षीदारांसमोर सही केलेल्या मृत्युपत्राने ते त्याला अख्खं घर देऊ शकले असते. वडिलोपार्जित असतं तर फक्त स्वतःचा हिस्सा. आणि हो, मृत्युपत्राने दत्तक मुलालाही वगळता येतं.