अनुभव धागा: मेडिसिन की ॲनेस्थेशिया? पीजीची ब्रँच कशी निवडलीत?

वैदेही_नागपूर: धाकट्या भावाला ॲनेस्थेशिया मिळालीय, मुंबईच्या सरकारी कॉलेजात. मन मात्र मेडिसिनमध्ये अडकलंय, कारण पुढे कार्डिओलॉजी करायचीय. रिटेन्शन भरावं की पुढच्या राउंडला जिल्ह्याच्या कॉलेजातल्या मेडिसिनची वाट बघावी? घरात रोज वाद. आवड, पैसा, वेळ यांचा हिशोब तुम्ही कसा केलात? अनुभवच लिहा, सल्ल्यांना घरचे पुरेसे आहेत.

निशाचर: ॲनेस्थेशियात अठरा वर्षं झाली, सध्या सांगली-मिरज भागात फ्रीलान्सिंग करतो. आधी वेळेचा हिशोब. भावाला नुसतं एमडी मेडिसिन नकोय, डीएम हवंय. एमडी तीन वर्षं, सरकारी सीट असेल तर एक वर्ष बाँड, मग सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा, डीएम तीन वर्षं आणि पुन्हा बाँड. परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तरी आजपासून आठ वर्षं झाली. ॲनेस्थेशियात एमडी आणि बाँड धरून चार. म्हणजे त्याचा सामना खरं तर चार विरुद्ध आठ असा आहे.

आता पैसा. मशीन नाही, ओपीडी नाही, कर्ज नाही. बॅगेत लॅरिंगोस्कोप, ट्यूब आणि औषधं घेतली की पहिल्या महिन्यापासून कमाई सुरू. पण पेशंट तुमचा नसतो. सर्जन फोन करतो तेव्हा निघायचं आणि बिलातला तुमचा आकडाही बहुतेकदा तोच ठरवतो. जन आरोग्य योजनेतली केस असेल तर हॉस्पिटलला पैसे आल्यावर तुमचे. एका ठिकाणचे माझे अजून अडकलेत.

ठाणेकर_बाबा: त्यापेक्षा रेडिओलॉजी घ्या की! नऊ ते पाच, नाइट नाही, पैसा भरपूर. माझ्या पुतण्याचं बघतोय ना.

सोनोताई: बाबा, ती त्याच्या रँकला मिळणार का हा मुद्दा वेगळा, पण पुतण्या रेसिडेन्सीत असताना तुम्ही त्याला बघितलं नसेल. रात्री दोनला अपघाताचा पेशंट आला की सीटी कोण वाचतं? नोकरीतली रेडिओलॉजी निवांत असते, तेवढं तुमचं बरोबर. माझं तालुक्याला स्वतःचं सेंटर आहे. मशीनचा हप्ता एकीकडे, पीसीपीएनडीटी दुसरीकडे. प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म, महिन्याचा रिपोर्ट पुढच्या पाच तारखेच्या आत. रकाना रिकामा राहिला तरी मशीन सील होऊ शकतं, मग हप्ता चालू आणि सेंटर बंद. एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त ठिकाणी सोनोग्राफी करता येत नाही, त्यामुळे निशाचरांसारखं गावोगाव फिरून कमावणंही नाही.

गेटवाला_सिव्हिल: इंजिनिअरिंगवाल्यांनी लिहिलं तर चालेल ना? स्ट्रक्चरमध्ये एमटेक केलं. दोन वर्षं, गेटवर महिना १२,४०० स्टायपेंड. त्याच वेळी बरोबरचे मित्र आयटीत पगार घेत होते, तो फरक अजून भरून निघाला नाही. पण साइटवर उभं राहण्यापेक्षा डिझाइन ऑफिस आवडतं. तुमच्या बाँडचं वाचून, आमच्याकडे तो नसतो याचं बरं वाटलं.

वैदेही_नागपूर: चालेल दादा. 😄 निशाचर सर, त्याला ॲनेस्थेशिया आवडेल की नाही हे आधी कळायचं कसं?

निशाचर: इंटर्नशिपमध्ये पोस्टिंग झालीच असेल, पण ती सही घेऊन कटण्यात जाते. त्याला सिझरच्या टेबलाशी उभं करा. स्पायनल दिल्यावर पहिली काही मिनिटं आईचं बीपी धाडकन खाली येतं, कारण खालच्या अंगातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. फिनाइलएफ्रिन भरलेली सिरिंज हातात, नजर मॉनिटरवर, आणि तिला मळमळ होतेय का तेही विचारायचं. कधी कधी मॉनिटरचा आकडा यायच्या आधी मळमळच सांगते. ते सावरलं की पुढचा अर्धा तास बहुधा काही घडत नाही, आणि घडू न देणं हेच काम. बाहेर नातेवाईक पेढे सर्जनला देतात. ज्याला निदानाचं कोडं सोडवायचंय आणि तोच पेशंट वर्षानुवर्षं बघायचाय, तो इथे कुढतो. इंजेक्शन दिलं आणि लगेच परिणाम दिसला याची मजा वाटत असेल तर रमेल. शिवाय इथूनही क्रिटिकल केअरचं डीएम करता येतं.

हृदयस्थ: मी तो आठ वर्षांचा रस्ता चाललोय. कार्डिओलॉजी आवडते, यात शंका नाही. पण प्रायमरी अँजिओप्लास्टीचा फोन पहाटे तीनलाच येतो, आणि कॅथलॅब हॉस्पिटलची असते, माझी नव्हे. निशाचरांचा सर्जन तसं माझं मॅनेजमेंट. एका बाबतीत मात्र त्यांच्याशी असहमत. एमडी मेडिसिनवर थांबलेले माझे दोन मित्र तालुक्याला उत्तम चाललेत. भावाने डीएम सोडलं तर हिशोब चार विरुद्ध चार होतो, मग मेडिसिनच बरी.

निशाचर: तालुक्याला, हो. पुण्या-मुंबईत नुसत्या फिजिशियनकडे छातीत दुखणारा पेशंट थांबतो का?

हृदयस्थ: डायबेटिस थांबतो. वैदेहीताई, भाऊ राहणार कुठे, हे ठरलंय का?

वैदेही_नागपूर: तेच विचारलं आत्ता. म्हणतो, बायको ठरवेल. अजून लग्न ठरलेलं नाही.