पीएफएमईएच्या शीटमधली तुमची फसलेली ओळ : अनुभव धागा

वाळूजची_दुसरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. आमच्याकडं दुचाकीच्या पुढच्या ब्रेकची नवी असेंब्ली लाईन उभी राहतेय. पुढच्या महिन्यात ग्राहकाची माणसं येणार आणि पहिली मागणी पीएफएमईएच्या शीटची असणार, म्हणजे कुठल्या स्टेशनवर काय चुकू शकतं ते आधीच लिहून आकड्यांत मोजायची शीट. बाकी ओळी कशाबशा जमल्यात. स्टेशन ३० वर मात्र गाडी अडली आहे. तिथं कॅलिपरवर होजचं बॅंजो, म्हणजे होजच्या टोकाचा भोकाचा डोळा, बसतं. त्याच्या खाली एक तांब्याचं वॉशर, वर एक, आणि मधून बॅंजो बोल्ट टाकून टॉर्क मारायचा. एस म्हणजे परिणाम किती गंभीर, ओ म्हणजे कारण किती वेळा घडतं, डी म्हणजे चूक सापडणं किती अवघड, आणि तिघांचा गुणाकार आरपीएन. माझी ओळ अशी :

फेल्युअर मोड : वॉशर बसलं नाही. परिणाम : ब्रेक ऑइल गळती, ब्रेक लागत नाही. कारण : ऑपरेटरचं दुर्लक्ष. एस १०, ओ ३, डी ७, आरपीएन २१०. शिफारस : ऑपरेटरला ट्रेनिंग आणि लाईनच्या शेवटी लीक टेस्ट.

लीक टेस्ट बसल्यावर डी किती धरायचा, हा माझा प्रश्न. पण धागा काढलाय तुमच्यासाठी. कागदावर चोख दिसलेली आणि लाईनवर तोंडघशी पडलेली तुमची एक ओळ लिहा. आकड्यांसकट लिहिलीत तर बरं.

आरपीएन_९९

सोपं आहे की. लीक टेस्ट मशीन आली की डी ३. दहा गुणिले तीन गुणिले तीन, नव्वद. शंभरच्या खाली आलं, ओळ बंद. आमच्या ग्राहकाची हद्द शंभरचीच होती. दोन वर्षांत त्या शीटवर कोणी बोट ठेवलं नाही.

जुना_क्वालिटीवाला

बोट ठेवलं नाही म्हणजे शीट बरोबर होती असं नाही, बाळा. शंभरची हद्द काही ग्राहकांनी लावली होती हे खरं. पण ती लावली की माणूस आकड्यालाच पटवायला बसतो. दहा-दोन-तीनचे साठ होतात आणि चार-पाच-सहाचे एकशेवीस. म्हणजे रंगावरचा ओरखडा आधी आणि ब्रेक नंतर! २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हॅंडबुकनं आरपीएन बाजूला ठेवून एपी, म्हणजे कृतीचा अग्रक्रम, आणला तो याचसाठी. आधी एस बघ, मग ओ, मग डी. त्या तक्त्यात धागाकर्त्याची ओळ १०-३-७ म्हणजे सरळ H, सगळ्यात वरचा अग्रक्रम, येते.

आता माझी फसलेली ओळ. चिकलठाण्यात होतो, सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कारणाच्या रकान्यात मीही 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहिलं होतं. आमच्या साहेबांनी त्यावर पेन्सिलीनं काट मारली आणि म्हणाले, जा, दोन तास स्टेशनवर उभा राहा. उभा राहिलो. वॉशर तेलकट येत होती, एकमेकांना चिकटायची. पोरगा एक उचलायचा ते दोन निघायची. मग तो दोन्ही बोटांनी सोलत बसायचा, त्यात एक खाली पडायचं, आणि घाईत तो तसाच पुढं जायचा. हे दुर्लक्ष नव्हे. पुरवठादाराकडून कोरडी वॉशर मागवली, दोन वेगळ्या ट्रे केल्या. तेव्हा कुठं ओ खाली आला. ट्रेनिंगनं ओ हलला असं मी तरी पाहिलं नाही.

आणि एस दहाच राहील, कितीही तपासण्या लाव. गळाली तर ब्रेक जाणारच.

ताईंचं_स्टेशन

मी शेंद्र्याला लाईनवर काम करते, इंजिनिअर नाही. पण ही ओळ माझ्याच स्टेशनची वाटली म्हणून लिहिते.

आमच्या ट्रेवर सेन्सर होता. हात आत गेला की हिरवा दिवा, मगच टॉर्कची गन चालू. शीटमध्ये त्याला पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, लिहिलं होतं. सर, तो सेन्सर हात मोजतो, वॉशर मोजत नाही. रिकामा हात घालून काढला तरी हिरवा. चहाच्या सुट्टीनंतर कुठवर आलो होतो ते आठवलं नाही की आम्ही दोनदा हात घालायचो, दिवा लागायचा आणि काम पुढं. कोणाची खोड नव्हती, तसंच व्हायचं.

आणखी एक. दोन्ही वॉशर वरच टाकली, खाली एकही नाही, असंही दोनदा माझ्याच हातून झालं. शीटमध्ये ती ओळच नव्हती. दोन वॉशर मोजायला गेलं तर दोन भरतातच.

वाळूजची_दुसरी_शिफ्ट

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या शीटमध्ये 'वॉशर नाही' एवढंच आहे. टॉर्क गनवर अँगल मॉनिटरिंग घेतोय, त्यात हे दोन्ही सापडेल ना?

पैठण_रोड

अँगल मॉनिटरिंगनं आम्हालाही अशीच भूल पडली होती. अँगल साधारणपणे मोजला जातो तो बोल्ट टेकल्यानंतर, म्हणजे ठरलेला कमी टॉर्क आल्यापासून पुढं. आटे चुकीचे बसले, बोल्ट ताणला गेला, तांबं मऊ निघालं, हे त्यात दिसतं. पण वॉशर कमी असलं तर बोल्ट फक्त जरा उशिरा टेकतो, आणि टेकल्यानंतरचा अँगल जवळपास तोच. मशीन 'ओके' म्हणते.

मग म्हटलं, सुरुवातीपासूनचे फेरे मोजू. आमचं वॉशर दीड मिलिमीटरचं, बोल्टची पिच सव्वा. एक वॉशर कमी म्हणजे एक फेरा आणि वर थोडं, १.२. पण पोरं बोल्ट हातानं दोन-तीन आटे लावून ठेवायची, कोणी जास्त, कोणी कमी. फरकापेक्षा घोळच मोठा. फेऱ्यांचा नाद सोडला.

शेवटी टॉर्क झाल्यावर बोल्टच्या डोक्याची उंची बघणारा प्रोब लावला. दीड मिलिमीटरचा फरक म्हणजे त्याला आंधळ्यालाही दिसावा इतका. एक वॉशर नसलं किंवा तीन पडली, तरी पकडतो. ताई म्हणतात ती चूक मात्र त्यालाही दिसत नाही, कारण दोन्ही वॉशर एका बाजूला असली तर एकूण उंची तीच. बॅंजोच्या डोळ्याची उंची कॅलिपरपासून वेगळी मोजावी लागते. आमच्याकडं जागा नव्हती, म्हणून तो भाग लीक टेस्टवर सोडला.

जालन्याचा_पंपवाला

मी फवारणीचे पंप जोडतो, माणसं चार. माझंही वॉशर सुटतं, शेतकरी शिव्या घालतो. एवढं वाचून वाटलं की वॉशरला दोरा बांधून ठेवावा. ही शीट आमच्यासारख्यांना सक्तीची आहे का? आणि वॉशर रबरी घेतलं तर हा सगळा ताप वाचेल का? ब्रेकवालेही रबर का घेत नाहीत?

जुना_क्वालिटीवाला

सक्ती ग्राहकाकडून येते, दादा. तुमचा ग्राहक शिव्याच घालतो, शीट मागत नाही. ब्रेकच्या सांध्यात तांबं दाबून बसवायचं असतं, टॉर्क धरून ठेवायला धातू लागतो. साधं रबर तिथं चालत नाही. तुमच्या पंपाला कदाचित चालेल, औषध कुठलं भरता त्यावर आहे. दोऱ्याची कल्पना मात्र हसण्यावारी नेऊ नका. पट्टीनं जोडलेली दोन तांब्याची वॉशर काही दुचाकींत येतातच. बॅंजोवर सरकवली की एक वर, एक खाली. एकाच बाजूला पडायचा मार्गच बंद. असा बदल ओ खाली आणतो, पण त्याला ग्राहकाचं ड्रॉइंग बदलावं लागतं.

आरपीएन_९९

ठीक, शंभरचं मागे घेतो. पण लीक टेस्ट तर आहे ना शेवटी? तिथं सगळं सापडतं, मग डी ३ ला हरकत काय?

पैठण_रोड

सापडतं की नाही ते आधी करून बघा. आम्ही मुद्दाम चुकीचे दहा पीस बनवले. पाच एका वॉशरचे, पाच दोन्ही वॉशर वर. हवेची प्रेशर डिके टेस्ट लावली, म्हणजे हवा भरून दाब किती पडतो ते बघायचं. नऊ अडकले, एक गेला. तो फोडला तर सांध्यावर तेलाची फिल्म होती. तेवढ्या दाबाला तिनं हवा अडवून धरली. खऱ्या ब्रेकमध्ये ऑइलचा दाब त्याहून कितीतरी जास्त आणि वर ब्रेक लावताना होणारं तापणं-थंडावणं, तिथं ती कुठली टिकायला? दहात एक निसटतो त्या मशीनला डी ३ लिहायला मला तरी लाज वाटली. आम्ही ६ लिहिला आणि सांधा कोरडा करून टेस्ट करायची पायरी घातली. पुन्हा दहा पीस, दहाही अडकले, मग ४ केला. आता रोज शिफ्टच्या सुरुवातीला एक लाल रंगाचा खराब मास्टर मशीनमधून जातो. तो 'ओके' आला तर लाईन बंद.

दुसरं, मे महिन्यातलं. बाहेर बेचाळीस, शेडमध्ये त्याहून जास्त, आणि कॅलिपर वॉशिंग मशीनमधून गरम यायचा. टेस्टच्या वेळी तो थंड होताना आतली हवा आकसते, दाब पडतो, मशीन म्हणते गळतंय. चांगले पीस नापास होऊ लागले. मग पोरं काय करणार? पुन्हा लावायची, पास होईपर्यंत. खरी गळती असलेला पीसही तिसऱ्या खेपेला एखाद्या वेळी निघून जायचा. शीटमध्ये 'पुन्हा टेस्ट' ही ओळ कुठंच नव्हती. आता पीस थंड करायला रॅक आहे, आणि एकदाच पुन्हा टेस्ट होते. नंतर मशीन सुपरवायझरचा पासवर्ड मागते.

ताईंचं_स्टेशन

पासवर्ड आमच्याकडं पण होता. भिंतीवर लिहून ठेवलेला.

पैठण_रोड

ताई, आमच्याकडं अजून लिहिलेला नाही. असेल तर मला माहीत नाही.

वाळूजची_दुसरी_शिफ्ट

शीट रात्री पुन्हा लिहिली, तपासा. एका ओळीच्या तीन झाल्या.

पहिली, एक वॉशर नाही. कारण : वॉशर चिकटून येतात, सोलताना पडतं. कृती : कोरडी वॉशर, वेगळ्या ट्रे, उंचीचा प्रोब. एस १०, ओ ३; डी आत्ता ७, प्रोबची पडताळणी झाल्यावर ३ मागणार.

दुसरी, दोन्ही एका बाजूला. कारण : दोन्ही वॉशर एकाच वेळी हातात घेतली जातात, खालचं आधी ठेवायची सक्ती कुठंच नाही. एस १०, ओ ३, डी ७. कृती : आधी लीक टेस्टवर खराब पीस चालवणे, मग डी ठरवणे. जोडवॉशरसाठी ग्राहकाकडं अर्ज.

तिसरी, लीक टेस्ट पुन्हा पुन्हा लावली जाते. कृती : थंड करायचा रॅक, पुन्हा टेस्ट एकदाच.

ट्रेनिंग तिन्ही ठिकाणांहून काढलं. ओ ३ कुठून आणला म्हणाल, तर जुन्या लाईनवर असाच सांधा आहे, त्याच्या नापास नोंदी पाहिल्या. पण त्या नोंदींत 'वॉशर' असा शब्दच नाही, नुसतं 'गळती' आहे. म्हणजे ३ सुद्धा अंदाजच.

जुना_क्वालिटीवाला

मग ३ लिहू नकोस. नवी लाईन, नोंदी अशा, मी ५ धरला असता. १०-५-७ पण H आणि १०-३-७ पण H, यादीत जागा बदलत नाही. बदलते ती नंतर. प्रोब लागून डी ३ झाला की ओ ३ वर तीच ओळ L, म्हणजे सगळ्यात खालच्या अग्रक्रमाची, होते, ओ ५ वर H च राहते. साहेब L बघतील तर फाईल मिटवतील.

आरपीएन_९९

पण मग १०-५-३ वर ग्राहक H बघून पुरवठा थांबवायला सांगेल, त्याचं काय?

जुना_क्वालिटीवाला

सांगेल कदाचित. कोरड्या वॉशरच्या पहिल्या दोन हजार पिसांच्या नोंदी घेऊन बसा त्याच्यासमोर. दर नापास पीस फोडून वॉशर किती आणि कुठं, ते लिहा.

वाळूजची_दुसरी_शिफ्ट

दोन हजार पीस म्हणजे आमच्या ट्रायलचा पूर्ण आठवडा. सोमवारी विचारतो. ताई, दोन्ही वॉशर वर जाण्याची चूक डाव्या हाताच्या ट्रेमुळं झाली होती का उजव्या?

ताईंचं_स्टेशन

डाव्या. होज डाव्या हातात धरलेली असते, म्हणून तिकडचं वॉशर शेवटी घ्यायचे मी.