मदत हवी आहे: नवीन भाडेकरूंसाठी स्वागतपत्र आणि माहितीचा कागद (सांगली)

गावभाग_सचिव
नमस्कार. आमच्या अपार्टमेंटमध्ये या महिन्यात तीन फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू येतायत. प्रत्येकाला एक स्वागतपत्र आणि सोबत कचरा, पार्किंग, पाण्याच्या वेळा, अडचणीला लागणारे फोन नंबर असा एक कागद द्यायचा आहे. जुना कागद आहे, पण तो देऊनही रोज फोन येतात. पाणी का नाही, गाडी कुठं लावू, कचऱ्याची गाडी गेली का. कुणाकडे तयार मजकूर असेल तर कृपया इथंच टाका. रविवारी छापायला द्यायचाय, त्यामुळं लवकर सांगा.

कायदा_कट्टा
कागदाआधी करारनामा नोंदणीकृत आहे का ते बघा. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का? ती दिली नसेल तर स्वागतपत्राला काही अर्थ नाही.

गावभाग_सचिव
दोन्ही झालंय. ते मालक बघतात. मला कागदाचा मजकूर हवाय.

मोटरवाला_मिरज
जुन्या कागदात पाण्याबद्दल नेमकं काय लिहिलंय ते शब्दशः टाका. फ्लॅट किती, माणसं किती, वरची टाकी केवढी, खाली हौद आहे का, हेही सांगा. त्याशिवाय काय सांगणार?

गावभाग_सचिव
'पाणी सकाळी ६ ते ८.' एवढंच आहे. १२ फ्लॅट, माणसं ४५च्या आसपास. खाली हौद आहे, वर ५००० लिटरची टाकी. मोटर वॉचमन सकाळी चालू करतो.

मोटरवाला_मिरज
तुमचे फोन त्या एका ओळीमुळंच येतायत. ६ ते ८ ही पालिकेचं पाणी हौदात येण्याची वेळ. नवीन माणूस काय समजणार? घरातल्या नळाला ६ ते ८च पाणी असतं. मग तो सहाला उठून बादल्या, पिंप, घागरी, सगळं भरून ठेवतो. बाराच्या बारा फ्लॅटनी तसं केलं की आठच्या आत वरची टाकी तळाला जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी शिळं म्हणून मोरीत ओततात आणि पुन्हा भरतात.

आता हिशोब बघा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. ४५ माणसांचे ६००० लिटरच्या वर होतात आणि टाकी ५००० ची. म्हणजे कुणी वाया घालवलं नाही तरी एका भरण्यात दिवस निघत नाही. दुपारी नळ कोरडा पडणारच. मोटर दोनदा लावा, सकाळी आणि संध्याकाळी, आणि कागदावर पालिकेची वेळ लिहूच नका. असं लिहा: 'घरातल्या नळाला दिवसभर पाणी असते. साठवून ठेवण्याची गरज नाही. टाकी सकाळी ६ला आणि संध्याकाळी ५ला भरली जाते. नळ कोरडा पडला तर आधी वॉचमनला सांगा.'

कुपवाडकर
माणसावर कशाला अवलंबून राहायचं? सेन्सर बसवा. टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप चालू, भरली की बंद. आमच्याकडं बसवल्यापासून एक तक्रार नाही. कागदावर पाण्याची ओळसुद्धा लागत नाही.

मोटरवाला_मिरज
सेन्सर चांगलाच, पण फक्त वरच्या टाकीत बसवला तर घात होतो. पालिकेचं पाणी एखाद्या दिवशी आलं नाही, हौद रिकामा, आणि वरचा सेन्सर मोटर चालू करतो. मोटर कोरडी फिरते आणि जळते. खालच्या हौदातही सेन्सर हवा. आणि वीज गेली तर दोन्ही गप्प. त्यामुळं ओळ लागतेच.

कुपवाडकर
आमची दोन वर्षांत जळली नाही.

मोटरवाला_मिरज
तुमच्याकडं पाणी चुकत नसेल.

विश्रामबाग_मावशी
बाळा, कचऱ्याचंही नीट लिही. आमच्याकडं एक नर्स मुलगी राहते, मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी. घंटागाडी साडेसातला येते, तेव्हा ती वाटेत असते. मग ती रात्रीच पिशवी गेटला अडकवून जायची, कुत्री फाडायची, सकाळी जिन्यापर्यंत घाण. सगळे तिलाच बोलायचे. शेवटी खाली दोन झाकणाचे डबे ठेवले, एक ओल्याचा, एक सुक्याचा. वॉचमन ते गाडीत रिकामे करतो. कागदावर फक्त गाडीची वेळ लिहिलीस तर असल्यांनी काय करायचं? गाडी चुकली तर कचरा कुठं ठेवायचा, हे लिही. डायपर, पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे द्यायचे, हेही लिही. आमच्या गाडीवरची पोरं हातानं वेगळं करतात, मला बघवत नाही.

गावभाग_सचिव
मावशी, हे खरंच उपयोगी. आमच्याकडंही पिशव्या गेटलाच असतात. डबे ठेवतो.

कायदा_कट्टा
पार्किंगचं काय लिहिलंय? सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलंय की बिल्डरला मोकळी किंवा स्टिल्टची जागा स्वतंत्र विकता येत नाही. त्यामुळं नंबर टाकून जागा वाटल्या असतील तर आधी त्या कशाच्या आधारावर ते तपासा.

गावभाग_सचिव
दादा, हा वाद आमच्याकडं नाहीच. सभेत सर्वांनी मिळून जागा ठरवल्या आहेत, प्रत्येक फ्लॅटला एक चारचाकी किंवा दोन दुचाकी. फक्त ते कागदावर लिहायचं आहे.

कृष्णाकाठ
सगळं वाचलं. एक विचारतो. इमारत गावभागात नक्की कुठं? नदीकडच्या अंगाला का? २०१९ला तुमच्याकडं पुराचं पाणी आलं होतं का? पार्किंग जमिनीलगतच असणार, हौद जमिनीत, मोटर आणि मीटरची खोली कुठं?

गावभाग_सचिव
हो, आलं होतं. २०१९ला पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत, २०२१ला पार्किंगमध्ये. मीटर पार्किंगमध्येच. पण ते सगळ्या सांगलीला माहीतच आहे की.

कृष्णाकाठ
सांगलीला माहीत आहे, तुमच्या भाडेकरूंना नाही. केरळची नर्स, बदलीवर आलेला बँकेतला माणूस, त्यांनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं नाव तरी कुठं ऐकलंय? आणि याच कागदात हे नसेल तर त्यांना कोण सांगणार? तुमच्या चारही विषयांचा पुराशी संबंध आहे, म्हणून नीट सांगतो. मी २००५, २०१९ आणि २०२१ तिन्ही इथंच काढलेत.

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण या आकड्यांवरून तुमच्या भाडेकरूला काही कळत नाही. त्याला कळायला हवं ते हे: पुलाजवळ किती फूट झालं की *आपल्या गेटला* पाणी लागतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथं धोका पातळीच्या आधीच पाणी शिरतं. गावभागात उशिरा येतं, आणि एकाच गल्लीतही दोन इमारतींचा आकडा वेगळा असतो. जुन्या मालकांना विचारा आणि तो आकडा कागदावर मोठ्या अक्षरात टाका.

मग गाड्या. पाणी गेटला लागायची वाट बघितली तर पुढचा रस्ता आधीच बंद झालेला असतो. चौकातला सखल भाग तुमच्या गेटच्या आधी भरतो. म्हणून ४० फूट झालं की गाड्या विश्रामबागकडं उंचावर नेऊन लावायच्या, असं सरळ लिहा. गावाला गेलेल्या भाडेकरूची दुचाकी कोण हलवणार? किल्ली कुणाकडं ठेवायची तेही लिहा. २०१९ला आमच्या गल्लीत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच कुलूपबंद फ्लॅटवाल्यांच्या होत्या.

पाणी पार्किंगमध्ये यायच्या आधी टाकी काठोकाठ भरून घ्यायची. वीज बंद केली की मोटर लागत नाही आणि वरचे ५००० लिटर एवढंच तुमच्याजवळ उरतं. त्या वेळी पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी हात आखडून. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद. पूर ओसरल्यावर लगेच मोटर चालू करायची नाही. हौदात पुराचं पाणी आणि गाळ असतो. तो उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून धुवायचा, वायरमनला पॅनेल दाखवायचं, मगच मोटर. ही एक ओळ नसल्यानं शेजारच्या इमारतीत कुणीतरी घाईनं बटण दाबलं आणि सगळा गाळ वरच्या टाकीत गेला. आठवडाभर टँकरवर काढला त्यांनी.

कुपवाडकर
इतकं लिहिलं तर भाडेकरू घाबरून येणारच नाहीत. पूर काय दर वर्षी येतो का?

कृष्णाकाठ
दर वर्षी येत नाही म्हणूनच नवीन माणसाला ठाऊक नसतं. घाबरवायचं नाही, त्याच्या हाती आकडा द्यायचा. अर्ध्या पानात बसतं.

विश्रामबाग_मावशी
२०१९ला आमच्या घरात गावभागातली अकरा माणसं राहिली होती. त्यात एक भाडेकरू जोडपं होतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कागदपत्रं सगळी भिजली त्यांची. लिही रे, कुणी घाबरत नाही. आणि कागद नुसता मराठीत नको. हिंदीतही दे. त्या नर्सला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

गावभाग_सचिव
पटलं. दोन जुन्या मालकांना आत्ताच फोन केला. एक म्हणतात ४६ फुटाला गेटला पाणी लागतं, दुसरे म्हणतात ४४लाच. कुणाचं धरू?

कृष्णाकाठ
कमी आकडा धरा. तरी २०२१चे मोबाईलमधले फोटो असतील तर तारीख-वेळ बघून त्या वेळची पातळी पडताळून घ्या.

गावभाग_सचिव
फोटो मागवतो. तोवर हा मजकूर, चुकलं असेल तर सांगा:

'आपले मनापासून स्वागत. घरातल्या नळाला दिवसभर पाणी असते, साठवू नये. टाकी सकाळी ६ला व संध्याकाळी ५ला भरली जाते. घंटागाडी सकाळी साडेसातला येते. ती चुकल्यास ओला व सुका कचरा पार्किंगमधल्या दोन डब्यांत वेगळा टाकावा, गेटला पिशवी अडकवू नये. डायपर व पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. आपल्या फ्लॅटची पार्किंगची जागा भिंतीवर लिहिली आहे. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर लावावी. बाहेरगावी जाताना गाडीची किल्ली वॉचमनकडे द्यावी. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेल्यास गाड्या विश्रामबागकडे न्याव्यात, ४४ फुटांना आपल्या गेटला पाणी लागू शकते. पुरानंतर सचिवांनी सांगेपर्यंत मोटर चालू करू नये. पोलीस किंवा कोणतीही तातडी ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, वीज १९१२, गॅसगळती १९०६, पूर नियंत्रण कक्ष १०७७.'

मोटरवाला_मिरज
पाण्याचं बरोबर. पण डब्यांवर वेगळे रंग द्या, हिरवा आणि निळा. नाहीतर आठवड्यात दोन्हीत एकच कचरा.

कृष्णाकाठ
१०७७ जिल्ह्याचा नंबर आहे. मोबाईलवरून आधी ०२३३ लावायला सांगा, नाहीतर बाहेरच्या सिमवरून भलतीकडं लागू शकतो. आणि हा कागद ग्रुपवर टाकून थांबू नका. पुरात फोन चार्ज होत नाहीत. प्लास्टिकमध्ये घालून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून द्या.

कायदा_कट्टा
किल्ली वॉचमनकडे द्यायची तर नोंदवहीत सही घ्या. गाडीला काही झालं तर जबाबदारी कुणाची, हे नाहीतर पुढं अडतं.

गावभाग_सचिव
किल्लीचं मालकांशी बोलावं लागेल, काहीजण तयार होणार नाहीत. बाकी बदल करतो. हिंदीतलं भाषांतर कुणी तपासून देईल का? शनिवारपर्यंत हवंय.

नवा_सभासद
मिरजेत दोन खोल्या भाड्यानं हव्या आहेत, स्टेशनजवळ. कुणाला माहीत आहे का?