लाइव्ह कॅप्शन असताना लिहून देणारा माणूस हवाच का?

मृण्मयीची आई: मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला खूप कमी ऐकू येतं. सर ऑनलाइन तासाला मराठी-इंग्रजी मिसळून बोलतात. वर्गातलं टाइप करून देणारी व्यक्ती मागितली, तर कॉलेज म्हणतं, "कॅप्शन आहेत ना!" ते पुरतात का?

पुणेकर_९: आमच्या मीटिंगमध्ये चेन्नईचे, कोलकात्याचे सगळे असतात. कॅप्शन झकास येतात. उगाच खर्च कशाला?

लेखनिक: तुमच्या मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीच बोलतात आणि तुम्हाला ऐकूही येतं. चुकलेला शब्द कान दुरुस्त करतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. मी कर्णबधिर मुलांसाठी तास टाइप करून देते. परवा सर म्हणाले, "इथे करंट कॉन्स्टंट नाही, रेझिस्टन्स कॉन्स्टंट आहे." कॅप्शनची भाषा इंग्रजी ठेवलेली होती. पडद्यावर आलं:

`it a current constant now he resistance constant I hey`

इंग्रजी शब्द चारही बरोबर. मराठी तिन्ही गेले आणि त्यातच "नाही" गेलं. वाचणाऱ्या मुलाने दोन्ही कॉन्स्टंट धरले. भाषा एकच निवडलेली असली की दुसरीतला आवाजही यंत्र त्याच भाषेच्या शब्दांत कोंबतं. सहसा जागा कोरी सोडत नाही, म्हणून चूक झाल्याचं कळतच नाही.

शुद्धवाणी: मग सरांनी एकच भाषा स्वच्छ बोलावी. दोष उच्चारांचा आहे.

लेखनिक: माइक तोंडाजवळ असावा, एका वेळी एकानेच बोलावं, हे मान्य. पण उच्चाराचं खापर बोलणाऱ्यावर फोडू नका. 2020 साली अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या, बोलणं ऐकून लिहिणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरात साधारण 19 शब्द चुकले, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. दोघंही इंग्रजीच बोलत होते. ज्या बोलण्यावर यंत्र कमी शिकलं, तिथे ते अडखळतं.

मृण्मयीची आई: भाषा मराठी ठेवली तर?

लेखनिक: ठेवून बघा ताई, "नाही", "आहे" सुटायचे कमी होतात. पण एन्थॅल्पीसारखे शब्द मोडतात, ते सरांनी पडद्यावर लिहावेत. कॉलेजशी बोलायला जाताना पुरावा न्या. परवानगी घेऊन दहा मिनिटं रेकॉर्ड करा, शब्दन् शब्द हाताने लिहा आणि कॅप्शनशेजारी ठेवा. नुसते चुकलेले शब्द मोजू नका. नकार, आकडे आणि विषयाचे शब्द यांवर लाल खूण करा.

पुणेकर_९: हे लक्षात आलं नव्हतं. तरी प्रत्येक तासाला माणूस छोट्या कॉलेजला परवडेल? निदान प्रॅक्टिकलपुरता द्यावा.

लेखनिक: प्रॅक्टिकलला सर हाताने करून दाखवतात. थिअरीच्या तासालाच जास्त गरज असते.

मृण्मयीची आई: सोमवारचा केमिस्ट्रीचा तास रेकॉर्ड करते. सर हो म्हणाले आहेत.