कीटोअ‍ॅनालॉगच्या गोळ्या: कुठल्या कंपनीच्या घ्याव्यात? (महिना दीड हजारापर्यंत)

गोदाकाठ: बाबा 64 वर्षांचे, नाशिकला असतात. बीपीमुळे किडनीचा त्रास बरीच वर्षं आहे, शुगर नाही. परवा क्रिएटिनिन 3.8 आणि ईजीएफआर 17 आला. डायलिसिस अजून नाही, डॉक्टर म्हणतात जमेल तेवढं लांबवू. ‘प्रोटीन कमी करा’ असं सांगून त्यांनी कीटोअ‍ॅनालॉग 1-1-1 लिहून दिलंय. दुकानात दोन कंपन्यांच्या गोळ्या दाखवल्या, भाव जवळजवळ दुप्पट. स्वस्तातली चालेल का? मावशीने सांगितल्यापासून बाबांनी डाळ, दूध, अंडं सगळं सोडलंय. दिवाळीला वजन 63 होतं, आता 58.

मिरजकर: स्वस्ताच्या मागे लागू नका. माझे साडू जर्मन कंपनीचीच घेतात, चार वर्षं झाली, डायलिसिसचं नाव नाही. औषधात काटकसर करणारे मग हॉस्पिटलात दुप्पट भरतात.

गोदाकाठ: दादा, बजेट वर लिहिलंय.

मिरजकर: वाचलं. म्हणूनच बोललो.

नलूताई: अंडी अजिबात बंद करू नका हं! आमच्या ह्यांना डॉक्टर रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग खायलाच लावतात. प्रोटीन कमी पडलं की माणूस झोपतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

कट्टेकरी: ताई, तुमचे मिस्टर डायलिसिसवर आहेत ना? मशीनवर प्रोटीन वाहून जातं, म्हणून त्यांना जास्त लागतं. इथे डायलिसिसच्या आधीचं चाललंय, हिशोब उलटा. प्रोटीन जेवढं कमी, तेवढी किडनीला विश्रांती. गोदाकाठ, मावशी बरोबर सांगतेय. डाळ बंद, गोळ्या चालू. माझ्या वडिलांचं क्रिएटिनिन सहा महिन्यांत 4.2 वरून 3.5 वर आलं ते असंच.

सुमेधा_आहार: कट्टेकरी, त्या सहा महिन्यांत वडिलांचं वजन किती उतरलं?

कट्टेकरी: सात-आठ किलो. पोट कमी झालं, चांगलंच की.

सुमेधा_आहार: मग 3.5 वर फार विसंबू नका. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून, आणि स्नायू झिजले की किडनी आहे तिथेच असताना आकडा खाली येतो. मांस-मासे सोडल्यानेही थोडा उतरतो. घरचे पेढे वाटतात आणि बाबांना जिना चढवत नाही. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी करून घ्या, त्यावर स्नायूंचा परिणाम बराच कमी असतो. हाताची पकड आणि दंडाचा घेरही बघा.

गोदाकाठ, मी किडनीच्या पेशंटचाच आहार बघते. कंपनी नंतर. बाबा दिवसभरात काय खातात ते लिहा.

गोदाकाठ: सकाळी कोरा चहा, पोहे. दुपारी दोन वाट्या भात आणि भाजी. रात्री दोन भाकऱ्या आणि भाजी. तेल-तूपही कमी केलंय, हार्टसाठी.

सुमेधा_आहार: यात प्रोटीन जेमतेम 22 ग्रॅम आहे आणि कॅलरी हजारच्या आसपास. 58 किलोला 22 म्हणजे किलोमागे 0.4 सुद्धा नाही. हा ‘अति कमी प्रोटीन’ आहार झाला, तोही नकळत. या पातळीवर गोळ्या हव्यातच, पण त्यांचा डोस साधारण पाच किलोमागे एक असतो. बाबांना दिवसाला 11-12 पडतील, तीन नव्हे. दुसरीकडे, साधं जेवण चालू असेल तर तीन गोळ्यांनी फारसं काही साधत नाही.

गोळीत अमिनो आम्लाचा सांगाडा असतो, नायट्रोजन काढलेला. शरीर आपल्याच टाकाऊ नायट्रोजनमधून तो भरून घेतं, म्हणून युरिया कमी होतो. पण कॅलरी पुरेशा नसतील तर हा सांगाडा सरळ जळणात जातो, आणि स्नायूही. बाबांना रोज सतराशेच्या आसपास कॅलरी हव्यात. पाच किलो कुठे गेले ते यात दिसतं.

चिकित्सक: पण या गोळ्यांचा फायदा सिद्ध आहे का? अमेरिकेतल्या एमडीआरडी अभ्यासात (1994) ठोस फायदा दिसला नव्हता. नंतरच्या पाठपुराव्यात तर अति कमी प्रोटीनच्या गटात मृत्यू जास्त निघाले.

सुमेधा_आहार: बरोबर. उलट बाजूला रोमानियातला 2016 चा अभ्यास आहे: शाकाहारी, किलोमागे 0.3 ग्रॅम प्रोटीन आणि पूर्ण डोस. डायलिसिस लागणं किंवा किडनीचं काम निम्म्याहून खाली जाणं त्या गटात 13 टक्क्यांत झालं, किलोमागे 0.6 वाल्यांत 42 टक्क्यांत. पण तपासलेल्या सुमारे चौदाशे जणांतून घेतले 207. डायबेटीसवाले नाहीत, कुपोषित नाहीत, आणि आधी तीन महिने पथ्य पाळून दाखवलेलेच. वजन उतरत असलेला माणूस त्या दारातून आत गेलाच नसता.

चिकित्सक: म्हणजे मुळात धडधाकट आणि शिस्तीचे, त्यांनाच फायदा. मग श्रेय गोळीचं की शिस्तीचं?

सुमेधा_आहार: दुसऱ्या गटातलेही त्याच चाळणीतून आलेले होते. तरी रोजच्या ओपीडीत एवढा फायदा मिळेल, असं मी म्हणणार नाही.

परदेशी_पाखरू: इकडे डाएटिशियन महिन्याला फोन करते, लो-प्रोटीन पास्ता, ब्रेड सगळं मिळतं. भारतात असली सोय नाही.

कट्टेकरी: साबुदाणा आहे की आपल्याकडे. प्रोटीन जवळजवळ शून्य.

नलूताई: खिचडीत शेंगदाण्याचं कूट मूठभर घालता ना? त्यात प्रोटीन, पोटॅशियम दोन्ही. आणि भाज्या चिरून, उकळून, पाणी फेकून घ्या.

कट्टेकरी: प्रत्येकाला उकळून कशाला? पोटॅशियम वाढलं असेल तरच.

नलूताई: आम्ही सगळ्याच उकळतो.

पेठकर: गोळ्यांबद्दल माझा अनुभव. आईला एका ठिकाणी कीटोअ‍ॅनालॉग आणि कॅल्शियम-डी3 दोन्ही चालू होतं. उलट्या, बद्धकोष्ठता, बडबड. कॅल्शियम 11 च्या वर निघालं. या गोळीतच कॅल्शियम असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सुमेधा_आहार: गोळीत सुमारे 50 मिलिग्रॅम. बारा गोळ्यांचे 600 झाले. म्हणून कॅल्शियमची तपासणी हवीच.

गोदाकाठ, मी असते तर आधी वजन थांबवलं असतं. किलोमागे 0.8 म्हणजे बाबांना 46 ग्रॅम. वाटीभर डाळ, कपभर दूध, एक अंडं परत आणलं की चाळिशीजवळ जाल, उरलेलं थोडं दही आणि अजून एका भाकरीतून. तेल-तूप मोकळ्या हाताने. पोटॅशियम, फॉस्फरस आणि बायकार्बोनेट बघूनच हे ठरवा. रक्तात आम्ल वाढलं तरी स्नायू झिजतात. बाबा खरंच किती प्रोटीन खातात ते 24 तासांच्या लघवीतल्या युरियावरून काढता येतं, डॉक्टरांकडे तो आग्रह धरा. वजन दोन-तीन महिने टिकलं आणि बाबांची तयारी असली, तर पूर्ण डोसच्या गोळ्यांचं बोला. दीड हजारात ते बसणार नाही, हेही सांगून ठेवते.

मिरजकर: म्हणजे शेवटी महागडीच.

पेठकर: जनऔषधीत विचारून बघा. आणि वजन सावरेपर्यंत गोळ्यांवर पैसे घालू नका, डॉक्टरांशी बोला.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. डाळ आणि दूध आजपासून सुरू. अंड्याला नाही म्हणाले, चातुर्मास आहे. लघवीचा डबा 24 तास बाथरूममध्ये ठेवायलाही नाही. गोळ्या मात्र ते थांबवणार नाहीत. डॉक्टरांनी लिहिलंय आणि महिन्याच्या आणूनही झाल्यात, त्यामुळे पुढच्या भेटीपर्यंत 1-1-1 चालूच. स्वस्तातल्या घेतल्या.

मिरजकर: कुठल्या कंपनीच्या?

सुमेधा_आहार: कंपनी राहू द्या. आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा, पायाला सूज आहे का बघून; सूज असेल तर काटा फसवतो. आणि पुढच्या भेटीत तीनच गोळ्या कशासाठी, ते विचारा.

नलूताई: चातुर्मासात पनीर चालतं की.

कट्टेकरी: फॉस्फरस?

नलूताई: मग काय उपाशी ठेवायचं का?