२९ फेब्रुवारीला जन्मलेली मुलगी सज्ञान कधी होते: २८ फेब्रुवारीला की १ मार्चला?

अनघा, नाशिक
माझ्या मुलीचा जन्म २९ फेब्रुवारी २००८ चा आहे आणि तिचे बँकेतले अज्ञान खाते पालक म्हणून मी चालवत होते. यंदा २८ फेब्रुवारीला सकाळीच ॲपने माझा व्यवहाराचा अधिकार बंद केला. मुलीने स्वतःच्या नावाने केवायसी भरायला घेतले, तर त्याच ॲपने तिचे वय १७ दाखवून अर्ज नाकारला. त्या दिवशी चौथा शनिवार, दुसऱ्या दिवशी रविवार. त्या खात्यातून भरायचे परीक्षेचे शुल्क शेवटी मी माझ्या खात्यातून भरले. चूक नेमकी कोणती: मला थांबवले ही, की तिला अडवले ही?

ॲड. वैशाली, सातारा
अनघाताई, माझ्या मते तुम्हाला थांबवले ही. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ च्या कलम ३ प्रमाणे वय मोजताना जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा असतो आणि त्या दिवसाच्या अठराव्या वर्षदिनाच्या प्रारंभी व्यक्ती सज्ञान होते. २०२६ मध्ये हा वर्षदिन कॅलेंडरमध्येच नाही आणि अशा वेळी काय करायचे हे कलम सांगत नाही, म्हणून वर्षे मोजत जावे लागते. पहिले वर्ष २९ फेब्रुवारी २००८ ला सुरू होऊन २८ फेब्रुवारी २००९ च्या मध्यरात्री संपले. असेच पुढे गेले की अठरावे वर्ष २८ फेब्रुवारी २०२६ च्या मध्यरात्री संपते. तो दिवस अठराव्या वर्षातलाच असल्यामुळे त्या दिवशी मुलगी अज्ञान होती आणि खाते चालवण्याचा अधिकार तुमचाच होता. सज्ञानता १ मार्चच्या पहिल्या क्षणापासून.

प्रसाद, बंगळूरु
मी पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो आणि मला हे पटत नाही. वर्षदिन नसेल तेव्हा त्याच महिन्याचा शेवटचा दिवस धरावा, कारण मूल फेब्रुवारीत जन्मले आहे, मार्चमध्ये नाही. दिवस मोजले तरी माझी बाजू पडत नाही. २८ फेब्रुवारीला सज्ञान धरले तर मुलीचे त्याआधी ६,५७४ दिवस पूर्ण होतात आणि १ मार्च २००८ ला जन्मलेल्या मुलाचेही सज्ञान होण्याआधी नेमके तितकेच होतात. म्हणजे तिला कोणतीही सवलत मिळत नाही. उलट १ मार्च धरला तर ६,५७५ दिवस होतात, आणि तितके २८ फेब्रुवारीला जन्मलेल्यालाही लागतात. दोन्ही आकडे कायद्यात बसणारे आहेत, त्यामुळे मोजणी हा निर्णायक पुरावा नाही.

ॲपमध्ये मात्र काय झाले असावे हे मला दिसते आहे. जावा भाषेत हे लिहून पाहा:

```
LocalDate j = LocalDate.of(2008, 2, 29);
j.plusYears(18);                               // 2026-02-28
Period.between(j, LocalDate.of(2026, 2, 28));  // P17Y11M30D
```

दुसऱ्या ओळीत अठरा वर्षे मिळवली की २८ फेब्रुवारी येतो, पण त्याच दिवशी वय विचारले की तिसरी ओळ १७ वर्षे, ११ महिने, ३० दिवस सांगते. एकाच ग्रंथालयाची ही दोन उत्तरे आहेत आणि आपापल्या नियमाने दोन्ही बरोबर आहेत. पालकाचा अधिकार संपवणारा भाग पहिल्या पद्धतीने लिहिला गेला आणि केवायसीचा भाग दुसऱ्या, म्हणून तो एक दिवस खात्याला कोणीच धनी उरला नाही. ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीसाठी घेतलेल्या जन्मतारखा बहुधा १ जानेवारी किंवा १५ जून अशा असतात. कोणती तारीख बरोबर हा वाद नंतरचा. आधी ती तारीख एकाच ठिकाणी काढून सगळीकडे वापरली पाहिजे.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर, अमरावती
माझा जन्म २९ फेब्रुवारी १९६८ चा असून मी राज्य शासनाच्या सेवेत होतो. नियमाप्रमाणे ५८ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती असते. वैशालीताई म्हणतात तसा वर्षदिन १ मार्च असेल, तर मला ३१ मार्चपर्यंत ठेवायला हवे होते. मला २८ फेब्रुवारीलाच निरोप दिला आणि एक महिन्याचा पगार गेला. यावर अर्ज करावा का?

ॲड. वैशाली, सातारा
काका, तुमचे दुःख समजते, पण अर्जात यश येईल असे मला वाटत नाही. १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो हे तुम्ही कार्यालयात पाहिले असेल. वय जन्मतारखेच्या आदल्या दिवशी पूर्ण होते, हेच त्याचे कारण आहे. प्रभुदयाल सेस्मा खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी १९५६ ला जन्मलेल्या उमेदवाराची २८ वर्षे १ जानेवारी १९८४ लाच पूर्ण झाली असे धरले आणि वयोमर्यादेमुळे तो बाद झाला. वर्षदिन १ मार्च मानला तरी तुमची ५८ वर्षे २८ फेब्रुवारीलाच पूर्ण होतात.

प्रसाद, बंगळूरु
मग तोच निकाल मुलीला का लागू नये? २८ फेब्रुवारीला तिचीही अठरा वर्षे पूर्ण झाली, असेच तो निकाल सांगतो.

ॲड. वैशाली, सातारा
प्रसाद, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. माझे उत्तर इतकेच की भरती किंवा निवृत्तीच्या नियमात अमुक दिवशी वय पूर्ण झाले का, हा प्रश्न असतो आणि तिथे तो अख्खा दिवस एकच धरला जातो. सज्ञानतेच्या कलमात मात्र ‘वर्षदिनाच्या प्रारंभी’ असे शब्द आहेत. २८ तारीख धरली तर त्या दिवसाच्या पहाटेच मुलगी सज्ञान ठरते आणि जन्माचा दिवस धरूनही अठरावे वर्ष पुरे व्हायला तो दिवस उरतोच. शंका असेल तिथे मुलाचे संरक्षण एक दिवस आधी काढून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्या दिवशी मुलीचे लग्न लावले जात असते, तर बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली हाच एक दिवस महत्त्वाचा ठरला असता. हाँगकाँगच्या कायद्याने १ मार्च असे स्पष्ट लिहून टाकले आहे. तैवानच्या दिवाणी संहितेत महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. आपल्याकडे एक ओळ घातली तर हा वाद राहणार नाही.

मेधा, डोंबिवली
आमचे लग्न २९ फेब्रुवारी २०२० चे. फोनच्या कॅलेंडरमध्ये ‘दर वर्षी’ निवडले, तर पुढची नोंद थेट २०२४ ला आली. अधिक मासात जन्मलेल्याचा तिथीने वाढदिवस निज मासात करतात, हे आमच्या सासूबाईंना लगेच सांगता आले. फोनला का येऊ नये?

प्रसाद, बंगळूरु
मेधाताई, कॅलेंडरच्या मूळ नियमात नसलेली तारीख सरळ वगळतात, म्हणून असे होते. २०१५ च्या RFC 7529 ने `SKIP=BACKWARD` आणि `SKIP=FORWARD` हे पर्याय दिले, पण सगळी ॲप्स ते ओळखत नाहीत. तुमच्या ॲपमध्ये नोंद आयात करता येत असेल, तर `RRULE:FREQ=YEARLY;BYMONTH=2;BYMONTHDAY=-1` हा नियम चालेल; तो दर वर्षी फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देतो. इथे कायदा नाही, म्हणून वापरणाऱ्याला विचारावे, एवढेच माझे मत.

अनघा, नाशिक
बँकेला लेखी कळवले होते, त्याचे उत्तर आज आले. २८ फेब्रुवारी हीच सज्ञानतेची तारीख योग्य असून केवायसीची मोजणी तिच्याशी जुळवून घेऊ, असे त्यांनी म्हटले आहे.

ॲड. वैशाली, सातारा
म्हणजे दोन्हीकडे २८ तारीख होणार. ॲपमधली विसंगती मिटेल, पण माझा आक्षेप तसाच राहतो. ही तारीख कोणत्या तरतुदीवरून धरली, हे त्यांना लेखी विचारा आणि उत्तर आले की इथे जरूर मांडा.