मदत हवी आहे : वेबसाइटमधील एकच दोष सांगणारा पहिला ईमेल कसा लिहावा?

नमस्कार. सोलापुरात आमची वेबसाइट तयार करणारी लहान एजन्सी आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टेरी टॉवेल उत्पादकांना, पूर्वओळख नसताना, ईमेल पाठवायचा आहे. त्यांचा फोन नंबर फक्त बॅनरच्या चित्रात आहे. त्यामुळे मोबाइलवर त्यावर बोट ठेवले तरी फोन लागत नाही आणि परगावच्या व्यापाऱ्याला तो आकडा-आकडा पाहून डायल करावा लागतो. नंबर मजकूर म्हणून लिहून त्याला `tel:` लिंक दिली की काम भागते.

साइट एकूणच जुनी आहे, पण ते लिहिणे मला योग्य वाटत नाही. अशी साइट पुष्कळदा घरातल्याच कोणीतरी केलेली असते. म्हणून मसुदा एवढाच ठेवला आहे :

“आदरणीय महोदय, आपली वेबसाइट मोबाइलवर पाहताना वरच्या पट्टीतील नंबरवर बोट ठेवले, पण फोन लागला नाही. नंबर चित्राचा भाग असल्याने असे होते. आपली वेबसाइट सांभाळणाऱ्यांना हा ईमेल दाखवल्यास ते सहज दुरुस्ती करू शकतील. आम्ही केलेली चालेल असे वाटल्यास जरूर कळवावे.”

माझ्या भागीदारांच्या मते उपाय आधीच सांगितला तर काम हातचे जाते. मला मात्र उपाय लपवलेला ईमेल धाक दाखवल्यासारखा वाटतो. आपण काय कराल? शिवाय, अनोळखी ईमेलला स्क्रीनशॉट जोडावा, की तो स्पॅममध्ये जाण्याचा धोका टाळून केवळ वर्णन करावे? विषयाच्या ओळीत “त्रुटी” न म्हणता “वेबसाइटवरील फोन नंबरविषयी” लिहिले तर पुरेल का?